उन्हाने भाजलेले हात आणि तीन ट्यूब

ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर गेलो होतो. सकाळी दहापासून असरपर्यंत मुले पाण्यात आणि वाळूतच होती. वारा गार असल्यामुळे ऊन लागतेय हे कुणाच्या लक्षात आले नाही. परतताना धाकटीची मान जराशी लाल दिसत होती, एवढेच. इशाच्या वेळी मात्र वुजू करताना हातावर पाणी पडले आणि ती कळवळली. उन्हाने भाजल्याचा लालसरपणा असा तीन-चार तासांनी वर येतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाढत जातो, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते.

रात्रीच मेडिकलमधून आफ्टर-सन जेल आणले. निळी ट्यूब, छान वास, लावताच गारवा. पण दहा मिनिटांत गारवा गेला आणि चुरचुर सुरू झाली. सकाळी मानेवर बारीक पुरळ होते. तेव्हा आम्ही ट्यूबची मागची बाजू वाचली. घटकांची यादी साधारणपणे जास्त प्रमाणापासून कमी प्रमाणाकडे लिहिलेली असते. त्यात पाण्यानंतर लगेच अल्कोहोल होते, पुढे सुगंध, आणि ज्याचे चित्र पुढे मोठे छापले होते ते कोरफड अगदी शेवटी! अल्कोहोल उडून जाताना गार वाटते, पण ते त्वचेतली ओलही घेऊन जाते. सुगंधी द्रव्ये धडधाकट त्वचेला एरवी चालतात. भाजलेल्या त्वचेचे वरचे संरक्षण कमजोर झालेले असते, म्हणून तीच द्रव्ये तिथे झोंबतात आणि कुणाकुणाला पुरळही येते.

धाकटीची मान साध्या पाण्याने हलकेच धुऊन आम्ही दुसऱ्या दोन ट्यूब आणल्या. एक कोरफडीचे बिनवासाचे जेल, दुसरी पँथेनॉलची मलई. मुलांच्या अब्बांचे दोन्ही हात सारखेच भाजले होते, म्हणून डाव्या हाताला कोरफड आणि उजव्याला पँथेनॉल लावून पाहिले. पहिल्या दिवशी डावा हात जिंकला. कोरफडीच्या जेलमध्ये बहुतांश पाणीच असते, त्यामुळे तापलेल्या कातडीवर ते हलके बसते आणि आग शमते. पण तासाभरात ते सुकून त्वचा ताणल्यासारखी वाटे. पँथेनॉलची मलई मात्र गरम त्वचेवर जड आणि चिकट वाटली.

तिसऱ्या दिवशी चित्र पालटले. आग कमी झाली होती, पण त्वचा कोरडी पडून खाजू लागली. आता उजवा हात मऊ होता आणि डाव्याची सालटी निघत होती. पँथेनॉल त्वचेत गेल्यावर ब-५ जीवनसत्त्वात बदलते आणि ओल धरून ठेवायला मदत करते. म्हणजे दोन्ही ट्यूब कामाच्या, फक्त वेळ वेगळी: आग होते तेव्हा कोरफड, कोरडेपणा येतो तेव्हा पँथेनॉल. एका घरातल्या दोन हातांचा हा अनुभव. पण तेव्हापासून आम्ही याच क्रमाने वापरतो.

आधी दहा-पंधरा मिनिटे गार पाण्याचा ओला कपडा ठेवायचा, बर्फ नाही. त्वचा किंचित ओली असतानाच जेल लावायचे. वुजूत हातावरचे आणि तोंडावरचे जेल धुऊन जाते, म्हणून नमाजनंतर पुन्हा पातळ थर द्यायचा. अंगणातले कोरफड वापरायचे तर पान कापून उभे ठेवावे, पिवळा चीक गळू द्यावा आणि आतला गर धुऊन घ्यावा. तो चीक त्वचेला झोंबतो.

कुठलेही जेल झालेली इजा मिटवत नाही. ते फक्त त्रास कमी करते. मोठ्या भागावर फोड आले, ताप किंवा थंडी भरली, उलट्या झाल्या, तर ट्यूब बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचे. फोड फोडायचे नाहीत.

पुढच्या महिन्यात अम्मी उमराहला निघाल्या. सामान भरताना त्यांनी विचारले, “त्यातली कुठली ट्यूब देतेस गं?” इहराममध्ये सुगंध चालत नाही, म्हणून निळीचा प्रश्नच नव्हता. पण बाकीच्या दोन्हींची यादी आम्ही पुन्हा वाचली. कारण पुढे ‘अनसेंटेड’ लिहिले असले तरी मूळ वास झाकायला आत सुगंध घातलेला असू शकतो. यादीत ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ हे शब्द नाहीत, याची खात्री करूनच दोन्ही ट्यूब पिशवीत ठेवल्या. छत्री मात्र सगळ्यात वर ठेवली.