छेदात काय धरायचं?

सोमवारी सकाळी नऊच्या मीटिंगला मी जो कागद घेऊन जायचे, त्यावर सगळ्यात वर एकच आकडा ठळक असायचा: वेळेत डिस्पॅच ९८ टक्के. आणि जिना चढता चढता फोन वाजायचा. "मॅडम, मंगळवारची ऑर्डर आहे. आज सोमवार. गाडी निघाली का, तेवढंच सांगा." कोल्हापूरचे हे डीलर कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे जास्तच लाज वाटायची. त्यांची ऑर्डर दर वेळी त्या उरलेल्या दोन टक्क्यांतच कशी काय सापडते, याचं मला बरेच दिवस कोडं होतं.

आमचं गोडाऊन भिवंडीत आहे. नळ, शॉवर, पाइप फिटिंग असा माल इथून राज्यभरातल्या डीलरना जातो आणि त्याचे आकडे बघणं हे माझं काम. वेळेत डिस्पॅचचा जो फॉर्म्युला माझ्या आधीपासून चालत आला होता तो असा: ज्या दिवशी बिल फाटलं त्याच दिवशी गेटबाहेर गेलेली बिलं, भागिले आठवड्यात फाडलेली एकूण बिलं. ऐकायला काही चूक नाही. पण आमच्याकडे बिल केव्हा फाटतं? माल रॅकवरून काढून झाला, डॉकवर लागला, टेम्पो उभा राहिला, की मग. म्हणजे बिल झालेली ऑर्डर जवळजवळ निघालेलीच असते. जिचा माल सापडत नाही किंवा जिला गाडी मिळत नाही, तिचं बिलच होत नाही, म्हणून ती मोजणीतही येत नाही. पंगतीत बसलेल्यांपैकी किती जण जेवले, असं विचारल्यासारखं झालं ते. मांडवाबाहेर ताटकळलेल्यांना कोण विचारतो? त्या आठवड्यात ३८६ बिलं झाली होती, पैकी ३७९ त्याच दिवशी गेली. उत्तर ९८.२ टक्के. हिशोब बरोबर, प्रश्न चुकीचा.

सरांना हे दाखवलं, तर ते म्हणाले, "मग नवीन रिपोर्ट कर," आणि चौदा निर्देशांकांची यादी माझ्या हातात दिली. त्यातले बहुतेक मी पहिल्याच दिवशी बाजूला काढले. ज्या आकड्यावर सोमवारी कोणी काही करू शकत नाही, तो साप्ताहिक रिपोर्टमध्ये कशाला? चार ठेवले: वेळेत गेलेल्या ऑर्डरी, वेळेत आणि पूर्ण गेलेल्या ऑर्डरी, अजून न गेलेल्या ऑर्डरी किती दिवसांच्या आहेत, आणि गाडी आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंतचा वेळ. सगळी डोकेफोड पहिल्या दोनांतच झाली.

छेदात आता बिलं नाहीत, तर या आठवड्यात जायलाच हव्या होत्या त्या सगळ्या ऑर्डरी, हे ठरलं. पण जायला हवी होती म्हणजे केव्हा? सेल्सवाले म्हणाले, डीलरने ऑर्डर टाकली तिथून घड्याळ सुरू. लोडिंगवाले म्हणाले, उधारीसाठी अडवून ठेवलेली ऑर्डर आम्हाला दिसतच नाही, तिचा उशीर आमच्या नावावर का? म्हणणं खरं होतं. घड्याळ अकाउंट्सने ऑर्डर मोकळी केल्याच्या वेळेपासून लावलं, आणि अडकलेल्या ऑर्डरी किती दिवस अडकल्या हे वेगळ्या ओळीत टाकलं, म्हणजे अकाउंट्सलाही नामानिराळं राहता येणार नाही. मग कट-ऑफ. लोडिंगला सकाळी अकरा हवे होते, सेल्सला दुपारी चार. दुपारी एकवर तुटलं: एकपर्यंत मोकळी झालेली ऑर्डर त्याच दिवशी जायची, नंतरची पुढच्या कामाच्या दिवशी. रविवार आणि सुट्ट्या एक्सेल सांभाळतं. खालच्या फॉर्म्युल्यातला ११ म्हणजे सुट्टी फक्त रविवारची.

```
=WORKDAY.INTL(INT(B2)-IF(MOD(B2,1)<=TIME(13,0,0),1,0),1,11,Holidays)
```

आता दुसरं टोक, 'गेली' म्हणजे केव्हा गेली? लोडिंग संपल्याची वेळ घ्यावी असा आग्रह झाला. पण भरलेली गाडी आवारातच तीन तास उभी राहिली तर डीलरला काय उपयोग? म्हणून गेट. गेटवरचे काका रजिस्टरात प्रत्येक गाडीची वेळ लिहितात. मी ते रजिस्टर चाळायला बसले, तर वेळा अशा: ११.१५, ११.३०, ११.४५, १२.००. एकही गाडी ११.३७ ला गेलेली नाही! केबिनमधलं घड्याळही दहा मिनिटं पुढे. "अगं, पाव तासात काय फरक पडतो," काका म्हणाले. पडत होता. रात्रीच्या गाड्या बाराच्या आसपासच सुटायच्या, आणि आपण दिवस मध्यरात्री संपवला, तर एखाद्या ऑर्डरचं वेळेत की उशिरा हे काकांच्या पेनवर ठरणार.

काकांना मिनिटं लिहायला लावण्यापेक्षा मी दिवसाची हद्दच हलवली. गाड्या पहाटे अडीचनंतर थांबतात आणि सातला पहिली सुटते. म्हणून आमचा डिस्पॅचचा दिवस सकाळी सहाला संपतो. सहाच्या आसपास गाडीच नाही, तर घड्याळ दहा मिनिटं पुढे असलं काय आणि मागे असलं काय. या सगळ्या खटाटोपातलं मला आवडलेलं काम हेच.

मग सहा तास वजा करून तारीख काढली, ती ठरलेल्या तारखेशी ताडून पाहिली आणि उत्तर आलं ८९ टक्के. ९८ वरून ८९. सरांना सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे, एवढं वाटलंच होतं." मलाही हायसं वाटलं. दुपारी कोल्हापूरचा फोन आला. त्यांची ऑर्डर शीटमध्ये शोधली, तर समोर लिहिलेलं: वेळेत. खाली डॉकवर जाऊन पाहिलं, तर खोके तिथेच, वर धूळसुद्धा.

कारण सापडायला तासभर लागला, आणि सापडल्यावर कपाळावर हात मारून घेतला. न गेलेल्या ऑर्डरीचा गेटच्या वेळेचा रकाना रिकामा असतो. एक्सेल हिशोबात रिकाम्या रकान्याला शून्य समजतं, आणि एक्सेलच्या तारखांत शून्य म्हणजे १९०० सालच्याही उंबरठ्यावरचा दिवस. तो ठरलेल्या तारखेच्या आधीचाच असणार! म्हणजे जी ऑर्डर गेलीच नाही, ती सगळ्यात वेळेत. अशा ३६ ऑर्डरी होत्या. मग आधी रकाना भरलाय का ते विचारलं.

```
=IF(F2="",0,IF(INT(F2-TIME(6,0,0))<=C2,1,0))
```

जायला हव्या होत्या ४१२, वेळेत गेल्या ३३१. उत्तर ८०.३ टक्के. हा आकडा सरांना सांगायला मी दुसरा दिवस उजाडू दिला.

सरांनी स्वतःही हिशोब केला होता आणि त्यांचं उत्तर ८५ येत होतं. त्यांनी सहा दिवसांच्या सहा टक्केवाऱ्या घेऊन सरासरी काढली होती. मंगळवार ते शनिवार रोज ५२ ते ६३ ऑर्डरी, त्यातल्या ८५ ते ९३ टक्के वेळेत. सोमवारी मात्र १३२ ऑर्डरी आणि वेळेत फक्त ७९, म्हणजे ६० टक्के. सरासरी काढताना सोमवारच्या १३२ ऑर्डरींना गुरुवारच्या ५२ इतकंच वजन मिळालं. टक्क्यांची सरासरी काढायची नाही, अंश अंशात मिळवायचे, छेद छेदात, आणि भागाकार शेवटी एकदाच. वादात सर हरले, पण त्या नादात खरी गोष्ट त्यांच्याच नजरेला आली. आठवड्यातल्या उशिराच्या ८१ ऑर्डरींपैकी ५३ एकट्या सोमवारच्या. शनिवारी दुपारनंतरच्या आणि रविवारच्या सगळ्या ऑर्डरी सोमवारी अंगावर येतात, आणि कारखान्यातून माल घेऊन येणारे ट्रकही सोमवारी सकाळीच डॉक अडवून बसतात. ते ट्रक दुपारी तीननंतर घ्यायचे, असा फोन सरांनी मीटिंगमधूनच केला.

'पूर्ण' या शब्दावरून सेल्सशी वाजलं. चोवीस आयटमच्या ऑर्डरीतले तेवीस गेले तर ९६ टक्के धरा, असं त्यांचं म्हणणं. पण राहिलेला चोविसावा आयटम शॉवरचा आर्म असेल, तर प्लंबर त्या बाथरूममधून हलत नाही, आणि डीलर आम्हाला ९६ मार्क देत नाही. ठरलेल्या दिवसापर्यंत गेटबाहेर पडलेला माल मागणीइतका असेल तर एक, नाही तर शून्य, असं ठेवलं. वेळेत गेलेल्या ३३१ मधल्या ४२ अपुऱ्या निघाल्या. वेळेत आणि पूर्ण: २८९, म्हणजे ७०.१ टक्के. आयटमनिहाय आकडा मी खरेदी विभागासाठी आतल्या पानावर दिला, कारण कुठला माल कमी पडतो हे त्यांना त्यावरूनच कळतं.

तिसऱ्या आठवड्यात आकडा एकदम वर गेला. ३९५ पैकी ३५६ वेळेत, ९० टक्के. ट्रकची वेळ बदलली होती, सोमवार सुधारला होता, तरी एवढा? ८९ ने एकदा तोंड पोळलेलं, त्यामुळे ताक फुंकायला बसले. कॅन्सल झालेल्या ऑर्डरींची यादी काढली. तीत १४ अशा, की ठरलेला दिवस उलटल्यावर कॅन्सल झाल्या आणि दुसऱ्या सकाळी तोच डीलर, तेच आयटम, तेच नग, फक्त नंबर नवा. नवा नंबर, नवं घड्याळ, आणि सगळ्या वेळेत. बिलिंगच्या मुलीला विचारलं तर ती निरागसपणे म्हणाली, "ताई, खालून सांगितलं होतं, जुनी बंद करून नवीन पंच कर, म्हणजे यादी लाल दिसत नाही."

तिचा काय दोष! मी नियम वाढवला: ठरलेल्या दिवसानंतर कॅन्सल झालेली ऑर्डर सात दिवसांच्या आत पुन्हा पंच झाली, तर नव्या नंबरला जुन्या ऑर्डरची मोकळी झाल्याची वेळ लागणार. ३५६ चे ३४२ झाले, ९० चे ८६.६. सरांनी कागदावर पेनने 'पुन्हा पंच: १४' असं लिहिलं आणि ही ओळ दर आठवड्याला पहिल्या पानावर ठेवायला सांगितली.

त्या चौदांत एक ऑर्डर कोल्हापूरची होती. त्या दिवशी जिना चढण्याआधी फोन मीच लावला.