वीस टक्के कपात, पंचवीस टक्के वाढ

पगारात २० टक्के कपात झाली, तर तो पूर्ववत होण्यासाठी २५ टक्के वाढ लागते. समजा, महिन्याचा पगार ४०,००० रुपये आहे. त्यातून ८,००० कापले की हाती ३२,००० येतात. भरून काढायचे तेही ८,०००च. पण वाढ आता ३२,०००वर मोजली जाते, आणि ८,००० हा ३२,०००चा चौथा हिस्सा आहे. २० टक्केच वाढ दिली, तर पगार ३८,४०० होतो आणि दरमहा १,६०० रुपयांची तूट राहते. ‘कापले तेवढे परत दिले’ हे म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरते. क्रम उलटा करूनही फरक पडत नाही: आधी २० टक्के वाढ आणि मग २० टक्के कपात केली, तरी आकडा ३८,४००च येतो.

कापलेल्या टक्क्यांना उरलेल्या टक्क्यांनी भागले की लागणारी वाढ मिळते. २० भागिले ८० म्हणजे पाव, अर्थात २५ टक्के. कपात वाढते तशी ही दरी झपाट्याने रुंदावते. १० टक्के कपातीला सुमारे ११ टक्के वाढ पुरते, ५० टक्के कपातीला मात्र पगार दुप्पटच करावा लागतो.

वाढ टप्प्याटप्प्याने दिली जाते तेव्हा फसगत सोपी असते. सलग दोन वर्षे १० टक्के वाढ मिळाली, तर ३२,०००चे आधी ३५,२०० आणि नंतर ३८,७२० होतात; जुना पगार अजूनही दूरच. दोन समान टप्प्यांत तो गाठायचा, तर प्रत्येक वेळी सुमारे ११.८ टक्के वाढ हवी.

वाढ कशावर मोजली आहे, हेही पाहावे लागते. कपात एकूण पगारावर आणि वाढ फक्त मूळ वेतनावर असेल, तर २५ टक्केही अपुरे पडतात. ३२,०००पैकी मूळ वेतन १६,००० असेल आणि भत्ते तसेच राहिले, तर वाढ जेमतेम ४,००० मिळेल, गरजेच्या निम्मी. त्यामुळे लेखी पत्रात टक्क्यांऐवजी रुपयांतला आकडा असणे कर्मचाऱ्याच्या हिताचे. ठरावीक मुदतीच्या कपातीत मात्र हा हिशेब लागत नाही. उदाहरणार्थ, एप्रिल २०२०मध्ये खासदारांचे वेतन एका वर्षासाठी ३० टक्क्यांनी कमी करण्यात आले. तिथे मुदत ठरलेली होती. ती संपली की जुना आकडा आपोआप लागू व्हायचा होता, म्हणून वाढीच्या टक्क्यांचा प्रश्नच आला नाही.

२५ टक्के वाढीने पुढचा पगार सावरतो, मागचे नुकसान भरून निघत नाही. कपात वर्षभर चालली, तर ९६,००० रुपये गेलेले असतात. तेही पुढच्या बारा महिन्यांत वसूल करायचे, तर त्या वर्षापुरता पगार ४८,००० हवा, म्हणजे ३२,०००वर ५० टक्के वाढ. थकबाकी वेगळी मिळणार असेल, तर २५ टक्के पुरतात.