‘विल’ला परत घरी पाठवू या



मागच्या पालकसभेच्या आधी आमच्या वर्गाच्या ग्रुपवर एका आईने इंग्रजीतून विचारलं, “प्लीज लेट मी नो व्हेन विल द मीटिंग स्टार्ट?” ताई इथेच बार्शीत, मराठी माध्यमात शिकलेल्या. लेकीला सवय व्हावी म्हणून अलीकडे मुद्दाम इंग्रजीत लिहायला लागल्या होत्या. कुणीतरी लगेच खाली दुरुस्त वाक्य टाकलं आणि त्यावर दोन हसरे चेहरे आले. त्या दिवसापासून ताई ग्रुपवर फक्त अंगठा दाखवतात, लिहीत काही नाहीत.

मला वाईट वाटलं. घरी आल्यावर सहज माझा एक जुना अर्ज काढून बघितला. त्यात मीच लिहिलेलं, “काइंडली इन्फॉर्म मी व्हेन कॅन आय कलेक्ट द सर्टिफिकेट.” चूक अगदी तीच! आणि तेव्हा मला इंग्रजी शिकवून बारा वर्षं झाली होती. मग हसायचं कुणाला?

म्हणून ही चूक येते कुठून, ते आज तुमच्यासोबत नीट बघू या.

आधी आपली मराठी बघा. “मीटिंग कधी सुरू होणार?” हा थेट प्रश्न. आता हाच प्रश्न दुसऱ्या वाक्यात घालू. “मीटिंग कधी सुरू होणार ते कळवा.” काय बदललं? आतला एकही शब्द हलला नाही. फक्त शेवटी ‘ते कळवा’ जोडलं. मराठीत प्रश्न जसाच्या तसा उचलून मोठ्या वाक्यात ठेवता येतो. ही सवय आपल्या जिभेला लहानपणापासूनची.

इंग्रजीत तसं चालत नाही. साधं वाक्य आहे, “द मीटिंग विल स्टार्ट अ‍ॅट टेन.” इथे ‘विल’चं घर कर्त्याच्या मागे, म्हणजे ‘द मीटिंग’च्या नंतर. थेट प्रश्न विचारताना तो घर सोडून कर्त्याच्या पुढे येतो: “व्हेन विल द मीटिंग स्टार्ट?” ही अदलाबदल मुलांच्या अंगवळणी पडावी म्हणून आपण पाचवीपासून किती घाम गाळतो! आणि ती पडते. मग मूल त्या पाठ झालेल्या प्रश्नाला मराठीच्या सवयीने ‘प्लीज लेट मी नो’ जोडतं, आणि चूक होते. म्हणजे ही चूक न शिकलेल्याची नाही. प्रश्न करायला नीट शिकलेल्याचीच आहे. त्याला पुढची पायरी कुणी सांगितलेली नसते, एवढंच.

पुढची पायरी अशी की, ‘लेट मी नो’, ‘टेल मी’, ‘आय डोन्ट नो’, ‘कॅन यू टेल मी’ असं काही पुढे आलं, की आतला प्रश्न आता प्रश्न राहत नाही, ती नुसती एक माहिती होते. म्हणून ‘विल’ आपल्या घरी परत जातो: “प्लीज लेट मी नो व्हेन द मीटिंग विल स्टार्ट.” शेवटी प्रश्नचिन्हही नको, पूर्णविराम हवा, कारण बाहेरचं वाक्य विनंतीचं आहे. पण “डू यू नो व्हेन द मीटिंग विल स्टार्ट?” इथे बाहेरचं ‘डू यू नो’ स्वतः प्रश्न आहे, म्हणून प्रश्नचिन्ह राहतं.

हे मी सातवीच्या वर्गात मुलांनाच उभं करून दाखवलं. चौघांच्या हातात पाट्या दिल्या: ‘व्हेन’, ‘विल’, ‘द मीटिंग’, ‘स्टार्ट’. थेट प्रश्नाच्या क्रमाने उभे केले. मग ‘लेट मी नो’ची पाटी घेऊन पाचवी मुलगी पुढे येऊन उभी राहिली, आणि ‘विल’वाला मुलगा आपणहून ‘मीटिंग’च्या मागे गेला. नंतर घेतलं, “वेअर इज द भगवंत टेम्पल?” पुढे ‘कॅन यू टेल मी’ आलं, तर ‘इज’ थेट रांगेच्या टोकाला गेला: “कॅन यू टेल मी वेअर द भगवंत टेम्पल इज?” ‘इज’ शेवटी ऐकायला मुलांना विचित्र वाटलं. दोन-तीनदा मोठ्याने म्हणून घ्या, बसतं.

खरी गंमत पुढे झाली. “वेअर डज ही लिव्ह?” हे वाक्य उभं केलं. पुढे ‘आय डोन्ट नो’ आलं. ‘डज’ची पाटी धरलेला पोरगा गोंधळून म्हणाला, “मॅडम, मी कुठं जाऊ? मला घरच नाही की!”

अगदी बरोबर बोलला. “ही लिव्ह्ज इन बार्शी” या साध्या वाक्यात ‘डज’ नसतोच. प्रश्नापुरता तो बाहेरून बोलावलेला असतो, आणि येताना क्रियापदाचा ‘एस’ स्वतःकडे घेतो. म्हणून काम संपल्यावर त्याने ‘एस’ परत देऊन वर्गाबाहेर जायचं: “आय डोन्ट नो वेअर ही लिव्ह्ज.” ‘डिड’चंही तसंच. तो जाताना भूतकाळ परत देतो. “व्हॉट डिड ही से?” याचं होतं, “टेल मी व्हॉट ही सेड.” मुलं ‘डज’ला घालवतात पण ‘एस’ परत घ्यायला विसरतात आणि ‘वेअर ही लिव्ह’ लिहितात. वह्या तपासताना हे मुद्दाम बघा.

हो-नाहीच्या प्रश्नात आणखी एक अडचण. “सर आले का ते विचार.” मराठीत ‘का’ शेवटी येतो. इंग्रजीत त्याचं काम ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ करतो, आणि तो आधी येतो: “आस्क इफ सर हॅज कम.” मुलं मात्र “त्याने विचारलं की तू कुठे राहतोस” यातला ‘की’ उचलून “ही आस्क्ड मी दॅट...” करतात. विचारण्याच्या वाक्यात ‘दॅट’ नको, इतकं सांगितलं तरी पुरतं.

एका जागी मात्र काहीच हलवायचं नसतं. “हू केम?” यात ‘हू’ स्वतःच कर्ता आहे, घर सोडून कुणी गेलेलंच नाही. म्हणून “टेल मी हू केम.” नियम पाठ झालेली मुलं इथे उगाच उलथापालथ करतात.

आणि पालकहो, बोलताना हा क्रम चुकला तरी समोरच्याला अर्थ कळतोच. आयर्लंडमधल्या इंग्रजीत तर असा उलटा क्रम घरोघरी बोलला जातो. पण परीक्षेत, अर्जात, नोकरीच्या पत्रात तो चूक धरला जातो, म्हणून लिहिताना सांभाळायचं.

त्या ताईंना मी सभेनंतर बाजूला घेऊन माझा तो जुना अर्ज दाखवला. वाचून त्या हसल्या. परवा ग्रुपवर त्यांचा मेसेज आला, “प्लीज टेल मी व्हॉट द होमवर्क इज.”

मी खाली फक्त गृहपाठ लिहिला.