पाटीवरचा मोठा सी

आषाढी चार दिवसांवर आली होती. पंढरपुरात प्रदक्षिणा मार्गावर माळा, बुक्का आणि चुरमुरे-बत्ताशांच्या एका दुकानात मी उभा होतो. यात्रेच्या गर्दीत मोबाइलचं नेटवर्क गुदमरतं आणि यूपीआयचं चक्र नुसतं फिरत राहतं. दुकानदारकाकांनी त्यावर तोड काढली होती. दुकानाचा वायफाय गिऱ्हाइकांना खुला केला होता आणि त्याचा पासवर्ड छापून, लॅमिनेट करून गल्ल्यावर लावला होता.

नांदेडकडचा एक तरुण माळेचे पैसे भरायला थांबला होता. त्याने पाटीवर बोट ठेवून एकेक अक्षर टाइप केलं. जमलं नाही. पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. शेवटी खिसे चाचपून त्याने चिल्लर काढली, तीही कमी पडली. माळ परत खुंटीवर गेली.

"माउली, माझ्या मोबाइलवर चालतंय की!" काकांनी फोन उंच धरून दाखवला. खरंच चालत होतं. काही गिऱ्हाइकांनाही लागत होतं, आणि त्यामुळेच गोंधळ वाढला होता. काकांनी राउटर कितीदा बंद-चालू केला होता. इंटरनेटवाल्याला बोलावलं, तर तो वायर बदलून गेला. पण वायरचा दोष असता तर फोन आधी वायफायला जोडला गेला असता आणि मग 'इंटरनेट नाही' असं म्हणाला असता. इथे फोन दारातच अडत होता. मी पाटी बघून टाइप केलं, तर मलाही 'पासवर्ड तपासा' असंच उत्तर आलं.

तेवढ्यात एक शाळकरी मुलगी आली. तिला गर्दीतून पाटी दिसत नव्हती. "काका, पासवर्ड काय?" "चंद्रभागा, इंग्रजीत." तिने टाइप केलं आणि तिचा फोन लगेच जोडला गेला.

ज्याने पाटी नीट वाचली तो अडला, जिने ऐकून लिहिलं तिचं झालं. म्हणजे खोट पाटीतच होती. काकांचा फोन पूर्वीपासून जोडलेला होता, त्यात खरा पासवर्ड साठवलेला होता. ती पाटी वाचून टाइप करायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

मी त्यांच्या फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन 'शेअर' दाबलं. क्यूआर कोड उमटला आणि त्याखाली साठवलेला पासवर्ड. फोन पाटीशेजारी धरला:

```
फोनवर:  chandrabhaga
पाटीवर: Chandrabhaga
```

बारा अक्षरांतलं पहिलंच वेगळं. इंग्रजी सी लहान असो वा मोठा, आकार तोच, फरक फक्त उंचीचा. त्यात नदीचं नाव, म्हणून मोठं अक्षर कुणाला खटकलंही नाही. पाटी डीटीपीवाल्याकडे वर्डमध्ये केली होती. ओळीच्या सुरुवातीचं अक्षर वर्ड आपणहून मोठं करतो, बहुधा तिथेच हे घडलं असावं.

"अहो, एवढ्याशा फरकानं?" काकांना पटेना. त्यांना सांगितलं की संगणकाला हे दोन सी म्हणजे दोन निराळे आकडे, मोठा ६७ आणि लहान ९९. शिवाय फोन पासवर्ड जसाच्या तसा राउटरकडे पाठवत नाही. आज सर्रास वापरात असलेल्या डब्ल्यूपीए-२ पद्धतीत पासवर्ड आणि वायफायचं नाव एकत्र घेऊन त्यावर ४०९६ वेळा गणित केलं जातं आणि त्यातून किल्ली बनते. एक अक्षर बदललं की अख्खी किल्लीच निराळी होते. राउटरला कळतं ते एवढंच, की किल्ल्या जुळत नाहीत. अकरा अक्षरं बरोबर आहेत, हे त्याला कळायला मार्गच नाही. मग तो नांदेडच्या त्या मुलाला काय सांगणार?

काका म्हणाले, "मग राउटरमध्येच मोठा सी करू." ते मात्र धोक्याचं होतं. वायफायवर चालणारा कॅमेरा, बिलाचं मशीन, घरातले फोन, सगळेच तुटले असते आणि ऐन यात्रेत एकेक जोडत बसावं लागलं असतं. पाटी सुधारणं सोपं होतं. पांढऱ्या स्टिकरचा तुकडा मोठ्या सीवर चिकटवला आणि त्यावर मार्करने लहान सी काढला. शेजारच्या एचच्या निम्म्या उंचीचा, मुद्दाम बुटका. खाली लिहिलं: 'सगळी अक्षरं लहान'.

मग काकांच्या फोनमधलं ते नेटवर्क 'विसरा' करून टाकलं. "आता पाटी बघून तुम्हीच टाइप करा." चष्मा कपाळावरून नाकावर आला. बारा अक्षरं टाइप व्हायला मिनिटभर लागलं असेल. फोन जोडला गेला.

काका काही बोलले नाहीत. खुंटीवरची ती माळ काढून त्यांनी हातात धरली आणि रस्त्यावरच्या गर्दीत तो तरुण कुठे दिसतो का, ते बघत राहिले.