चौथ्या प्रकरणाचा अर्ज

अण्णांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज लिहिले. ते शाळामास्तर होते. संध्याकाळी ओट्यावर कुणी ना कुणी कागद घेऊन बसलेलं असायचं. कुणाला शेतपंपाची वीजजोडणी हवी असायची, कुणाची वारसनोंद अडलेली असायची. अण्णा सगळं ऐकून घेत आणि मग एकच विचारत, "हा कागद वाचून साहेबानं नेमकं काय करायचं?" त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय ते पेनाचं टोपण काढत नसत. मागणं पहिल्या वाक्यात यायचं, कारण त्यानंतर.

2019 साली मी माझ्या संशोधन सल्लागार समितीला अर्ज लिहायला बसले, तेव्हा मी नेमकं उलटं केलं. पहिलं दीड पान माझ्या अडचणींचं होतं. मागणं सापडायला दुसऱ्या पानाच्या मधोमध जावं लागत होतं: प्रबंधाचं चौथं प्रकरण पारंपरिक पद्धतीनं न लिहिता, शोधनियतकालिकात स्वीकारला गेलेला लेख जसाच्या तसा प्रकरण म्हणून जोडण्याची परवानगी मिळावी.

माझा विषय होता पुरंदर तालुक्यातल्या कऱ्हेच्या खोऱ्यातल्या विहिरी. बेसाल्टच्या एका थरातून पाणी सहज झिरपतं, त्याखालचा थर घट्ट असतो, आणि दोन विहिरींत दोनशे पावलांचं अंतर असलं तरी त्यांचा स्वभाव वेगळा निघतो. चौथ्या प्रकरणात 11 विहिरींच्या उपसा-चाचण्या होत्या. पंप लावायचा, पातळी किती वेगानं उतरते ते मोजायचं, पंप बंद करून ती किती वेगानं चढते ते मोजायचं आणि त्यावरून खडक किती पाणी पुढे जाऊ देतो ते काढायचं. प्रकरणाचा कच्चा खर्डा 62 पानांचा झाला होता. लेख 19 पानांचा होता. त्या काळी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्याआधी किमान एक लेख प्रसिद्ध व्हावा लागे, म्हणून लेख आधी झाला. तेच काम पुन्हा 62 पानांत पसरण्यात मला अर्थ दिसत नव्हता.

पहिला मसुदा गाईड मॅडमनी वाचला आणि परत दिला. त्या म्हणाल्या, "तू परवानगी मागतेयस, पण प्रकरणातलं काय कुठे गेलं ते सांगत नाहीस. समितीला तीच भीती असते."

मग मी प्रकरणाचा एकेक भाग घेऊन त्यापुढे त्याचा नवा पत्ता लिहायला लागले. प्रदेशाचं वर्णन दुसऱ्या प्रकरणात होतंच, लेखात त्याचा एक परिच्छेद उरला. ही पुनरुक्ती राहील, असं अर्जात स्पष्ट लिहिलं. पूर्वीच्या संशोधनाचा आढावा पहिल्या प्रकरणात हलवला. खरी अडचण पद्धतीची होती, कारण ती तिसऱ्या प्रकरणात होती आणि लेखाला स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं.

ती पद्धत अशी. आपली शेतविहीर रुंद असते. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पातळी एक मीटर उतरली की साधारण 28 हजार लिटर पाणी नुसत्या विहिरीतून गेलेलं असतं. समजा, पंपानं तासात 25 हजार लिटर उपसलं आणि पातळी पाऊण मीटर उतरली. म्हणजे 21 हजार लिटर विहिरीच्या पोटातलं, आणि खडकानं दिलं फक्त चार हजार. अरुंद नळीविहिरींसाठीचं थाइसचं 1935चं सूत्र हा साठा धरतच नाही; ते इथे लावलं तर खडकाबद्दल चुकीचंच उत्तर मिळतं. पापाडोपुलोस आणि कूपर यांनी 1967 साली विहिरीतला साठा हिशेबात घेणारी रीत दिली. लेखात हे दोन परिच्छेदांत बसलं, आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या प्रकरणातल्या नऊ पानांपेक्षा तिथे ते जास्त चांगलं उतरलं.

यादी करताना तीन विहिरींना पत्ताच सापडेना. लेखात आठच विहिरी होत्या. एका चाचणीत दोन तासांनी वीज गेली होती. दुसरीत पातळी चढत असताना मध्येच पुन्हा उतरू लागली, कारण शेजारच्या बोअरचा पंप ऑटोस्टार्टरवर आपोआप सुरू झाला होता. या दोन सोडून देण्याजोग्याच होत्या. तिसरी, विहीर क्रमांक सात, मी का सोडली होती? तिचे आकडे सूत्रात बसत नव्हते, एवढंच.

ती वही मी पुन्हा उघडली. उपसा थांबल्यावर पाणी सुरुवातीला वेगानं आणि मग हळूहळू मंदावत चढायला हवं. इथे ते बराच वेळ एकाच चालीनं चढत राहिलं होतं आणि काठापासून 4.2 मीटरवर आल्यावर एकदम मंदावलं होतं. त्या पानाच्या कडेला मी विहिरीच्या मालकांचं वाक्य टिपून ठेवलं होतं : "ताई, पानी सगळीकडनं न्हाई येत, त्या आडव्या चिरंतनं येतंय." पातळी चिरेच्या खाली असेतो झरा मोकळा पडत होता, त्यामुळे पाणी एका मापानं येत होतं, चीर बुडाली तशी चाल बदलली. सूत्र मात्र खडकातून चहूबाजूंनी सारखंच पाणी येतं असं धरून चालतं. म्हणजे या विहिरीनं माझ्या आठ विहिरींच्या निष्कर्षाची हद्द दाखवून दिली होती, आणि लेख सुटसुटीत करण्याच्या नादात मी तीच वगळली होती.

अर्ज नव्यानं लिहिला. पहिल्याच वाक्यात मागणं. मग कुठलं काय कुठे गेलं त्याची अर्ध्या पानाची यादी, आणि तीत : 'वगळलेल्या तीन चाचण्या, कारणांसह, परिशिष्टात.' लेखाला तीन लेखक होते, म्हणून मोजणी, आकडेमोड आणि लेखन यांत कुणाचा किती वाटा ते लिहून बाकी दोघांच्या सह्या जोडल्या. प्रबंध शोधगंगेवर सगळ्यांसाठी खुला होणार होता, म्हणून प्रकाशकाशी झालेला करार वाचून, छापील पानं न लावता स्वीकृत मसुदा लावणार असं नमूद केलं. साम्य तपासणीत माझंच चौथं प्रकरण माझ्याच लेखाशी जुळणार होतं, आणि आयोगाच्या 2018च्या नियमांत दहा टक्क्यांपुढे प्रश्न सुरू होतात. ते साम्य कशामुळे येईल हेही आधीच लिहून ठेवलं.

बैठक वीस मिनिटं चालली. बाहेरून आलेल्या सदस्यांनी ती यादी बोट ठेवून ठेवून वाचली आणि सातव्या विहिरीपाशी थांबले. "हे परिशिष्टात नको," ते म्हणाले. "लेख जसा आहे तसा राहू दे. पण त्याच्यानंतर जोडमजकूर लिही आणि ही विहीर तिथे आण. लेखाला जे सांगता आलं नाही, ते प्रबंधानं सांगायला हवं." त्या अटीवर सह्या झाल्या. जोडमजकूर चार पानांचा झाला. तोंडी परीक्षेतले निम्मे प्रश्न त्याच चार पानांवर आले.

आता माझ्याकडेही असे अर्ज येतात. मी आधी यादी शोधते आणि तिच्यात वगळलेल्याची ओळ शोधते. नसली तर कागद परत देते आणि विद्यार्थ्याला समोर बसवून चाचण्यांच्या वह्या मागवते.

गेल्या उन्हाळ्यात सातव्या विहिरीच्या गावी गेले होते. मालकांनी विहिरीत आडवं बोअर मारून घेतलं होतं. कुठे मारलं, म्हणून मी वाकून पाहिलं. ते त्या चिरेच्याच रेषेत होतं, आणि पाणी खाली पडल्याचा आवाज वरपर्यंत येत होता.