वर्तुळातील शेवटचा इसम

इ.स. ६७ मध्ये रोमन सैन्याने योटापटा हे ज्यूंचे तटबंदीचे गाव सर केले, तेव्हा तेथील सेनापती जोसेफस चाळीस साथीदारांसह एका गुहेत लपला. आणि शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा परस्परांच्या हातून मरण पत्करावे असा त्या मंडळींचा आग्रह पडल्यावर, मरणाचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरविण्याची तजवीज आपणच सुचविली, असे त्याने आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. वर्तुळात बसून दर तिसऱ्याला मारण्याचा तपशील मागाहून जोडला गेला, परंतु शेवटी कोण उरतो या कोड्याला नाव जोसेफसचेच पडले. अभियांत्रिकी महाविद्यालयात डेटा स्ट्रक्चर्स शिकविताना हे कोडे मी फळ्यावर मांडीत आलो आहे, आणि त्याचे मर्म मला पुस्तकापेक्षा विद्यार्थ्यांच्या सहवासातच अधिक स्पष्ट झाले.

आरंभ मी नेहमी सात जणांपासून आणि दर तिसऱ्याला बाद करण्यापासून करतो. १ ते ७ क्रमांक गोलाकार लिहावेत आणि मोजू लागावे : प्रथम ३ जातो, ४, ५, ६ मोजून ६ जातो, ७, १, २ मोजून २, पुढे ७, ५ व १ या क्रमाने जातात आणि ४ उरतो. हीच कृती वर्तुळाकार लिंक्ड लिस्ट जशीच्या तशी करते. प्रत्येक नोडमध्ये एक क्रमांक आणि पुढच्या नोडचा पत्ता असतो, शेवटच्या नोडजवळ पहिल्याचा पत्ता असतो, आणि त्यामुळे मोजणी टोकाशी येऊन अडत नाही. `p` हा पॉइंटर मात्र आरंभी शेवटच्या नोडवर ठेवावा लागतो, कारण एखाद्याला वगळायचे तर त्याच्या मागच्याचा हात धरलेला असावा लागतो.

```
while (p->next != p) {
    for (i = 1; i < k; i++) p = p->next;
    q = p->next;
    p->next = q->next;
    free(q);
}
```

प्रयोगशाळेत बहुधा दोनच ठिकाणी घात होतो. कोणी `free(q)` आधी लिहितो आणि नंतर त्याच मोकळ्या केलेल्या नोडला पुढचा पत्ता विचारतो. मग प्रोग्राम कधी कोसळतो, तर कधी योगायोगाने बरोबर उत्तर देतो, आणि हे दुसरे अधिक घातक. कोणी `i < k` ऐवजी `i <= k` लिहितो. तेव्हा दर तिसऱ्याऐवजी दर चौथा बाद होतो, आणि सात जणांत ४ ऐवजी २ उरतो. म्हणून पडद्यावर २ दिसला की दोष कोठे आहे हे मला कोड न वाचताच कळते.

एका तासाला हे सारे बरोबर चालल्यानंतर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ३ गेल्यावर उरलेल्या सहा जणांना ४ पासून नवे क्रमांक दिले, तर हे पुन्हा सहा जणांचेच कोडे नाही का?" मी खडू तिच्याच हाती दिला. क्रमांक शून्यापासून धरावेत अशी तिला सूचना केली, आणि तिने नव्या क्रमांकाखाली जुना क्रमांक लिहीत नेला : नवा ० म्हणजे जुना ३, नवा १ म्हणजे जुना ४, नवा ४ म्हणजे जुना ०. प्रत्येक ठिकाणी फरक तीनचा, आणि बेरीज सात वा अधिक झाल्यास सात वजा. म्हणजे सहा जणांतील विजेत्याचे स्थान ठाऊक असेल, तर त्यात ३ मिळवून ७ ने भागल्यावरची बाकी हे सात जणांतील विजेत्याचे स्थान होय. एकट्या माणसाचे स्थान ०. तेथून दोन, तीन करीत सातापर्यंत चढत गेल्यावर तिला १, १, ०, ३, ०, ३ मिळाले. अखेरच्या ३ मध्ये १ मिळविला की आपला परिचित ४ हाती येतो.

```
r = 0;
for (m = 2; m <= n; m++) r = (r + k) % m;
```

याच मार्गाने ४१ जणांत दर तिसऱ्याच्या हिशेबाने ३१ वा वाचतो. दर तिसऱ्याऐवजी दर हजारावा बाद करायचा म्हटले, तर लिस्टमध्ये पॉइंटरला ३९,९६० पावले चालावी लागतात, सूत्राला मात्र चाळीस बेरजाच पुरतात. तरीही लिस्ट रद्दबातल ठरत नाही, कारण सूत्र फक्त अखेरचा इसम सांगते. कोण केव्हा गेला याची नोंद त्यात राहत नाही, आणि गड्यांची संख्या फेरीगणिक एकाने न घटता मनमानी बदलू लागली की त्याचा आधारच सुटतो. बाद होण्याचा क्रम हवा असेल तर लिस्ट वापरावी, केवळ वाचणारा हवा असेल तर सूत्र. आणि दोहोंपैकी काहीही लिहिले तरी सात आणि तीन घालून ४ येतो की नाही, एवढी रुजुवात वाचकांनी अवश्य करून घ्यावी.