एक स्टार आणि मालकाचं उत्तर

पुण्यातल्या हॉटेलमालकाला गिऱ्हाइकाला सुनावण्याची हौस असतेच. पूर्वी ती पाटीवर भागायची, आता ती गूगलवरच्या रिव्ह्यूखाली उतरते. नव्या हॉटेलांचे रिव्ह्यू सांभाळणं हाच माझा व्यवसाय असल्यामुळे असली चुरचुरीत उत्तरं मला रोज वाचायला मिळतात. काही फर्मास असतात. पण पाटी वाचणारा दारात आलेला असतो. उत्तर वाचणारा अजून घरीच असतो आणि आज जेवायला कुठं जायचं ते ठरवत असतो.

नव्या हॉटेलला एक स्टार झोंबतो, त्याचं कारण साधं गणित आहे. नऊ जणांनी पाच आणि एकाने एक स्टार दिला तर सरासरी ४.६. अकराव्याने पुन्हा एक दिला की ती थेट ४.३ वर येते. तिथून ४.६ दिसायला ओळीने सात पाच-स्टार लागतात. हेच प्रमाण राखून ११० रिव्ह्यू असते, तर त्या एका स्टारने आकडा हललासुद्धा नसता.

कोथरूडच्या एका नव्या थाळीच्या हॉटेलचं उदाहरण घ्या. रिव्ह्यू असा होता: रविवारी चाळीस मिनिटं थांबलो, पोळ्या गार, वेटर म्हणतो ‘गर्दी दिसत नाही का?’ मालक खवळले. मी म्हटलं, ‘काका, आधी केओटी काढा.’ स्वयंपाकघरात गेलेल्या त्या चिठ्ठीवर वेळ होती १:४२. पण ऑर्डर कधी गेली एवढंच ती सांगते, ताट कधी आलं ते नाही. ते कॅमेऱ्यात दिसलं: २:१३. म्हणजे एकतीस मिनिटं. काकांना लगेच लिहायचं होतं, ‘चाळीस नव्हे, एकतीस!’ भुकेल्या माणसाशी नऊ मिनिटांवरून भांडून काय मिळणार? खरं कारण त्याच कॅमेऱ्यात होतं. कॅप्टनने पाच मिनिटांत तीन टेबलं बसवली होती आणि तव्यावर एकच मावशी होत्या.

दुसऱ्या दिवशी, राग निवल्यावर, उत्तर गेलं: ‘नमस्कार. रविवारी तुम्हाला थाळीसाठी अर्ध्या तासाहून जास्त थांबावं लागलं, हे आम्ही तपासलं. तुमची तक्रार बरोबर आहे. आमच्या माणसाने दिलेलं उत्तर चुकीचं होतं, क्षमा करा. येत्या रविवारपासून दुपारी पोळ्यांना दोन माणसं असतील आणि किती थांबावं लागेल ते बसण्याआधीच सांगू. बोलायचं असेल तर हॉटेलच्या नंबरवर चार ते सहा मला फोन करा.’ खाली मालकांचं नाव. ‘पुढची थाळी आमच्याकडून’ हे वाक्य मी खोडलं. रिव्ह्यू बदलण्याच्या किंवा काढण्याच्या बदल्यात काही देणं गूगलच्या नियमांत बसत नाही. शिवाय एक स्टार दिला की थाळी फुकट, हे गावभर व्हायला वेळ लागत नाही.

रिव्ह्यू साफ खोटा असेल तर तो कळवण्याची सोय आहे. पण चव आणि वेळ यांवरच्या वादात गूगल न्यायनिवाडा करत नाही. भलत्याच हॉटेलबद्दलचा मजकूर, शिवीगाळ, कामावरून काढलेल्या माणसाचा सूड, असं काही असेल तर आशा धरावी. तोवर ‘त्या दिवशी आम्ही बंद होतो’ एवढं एक शांत वाक्य खाली असू द्यावं.

बाकी काम रोजच्या सवयीचं. उद्घाटनाच्या आठवड्यात भाचे-पुतणे पन्नास रिव्ह्यू टाकतात आणि मग महिनाभर शुकशुकाट. वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. त्यापेक्षा बिलाच्या फोल्डरमध्ये रिव्ह्यूच्या क्यूआरचं कार्ड ठेवावं आणि कॅप्टनने प्रत्येक टेबलाला एकदाच सांगावं, ‘जसं वाटलं तसं लिहा.’ खूश दिसणाऱ्यांनाच निवडून विचारणं नियमाबाहेर आहे आणि रिव्ह्यूच्या बदल्यात मठ्ठा पाजणंही. कार्डाचा रंग मात्र वेगळा ठेवा, नाहीतर लोक पैसे द्यायला तोच क्यूआर स्कॅन करतात आणि वैतागतात. वैतागलेल्या माणसाच्या हाती रिव्ह्यूचं पान देणं कुणालाच परवडत नाही.

आठवड्यातून एकदा, शटर उघडण्याआधी, मालक आणि आचारी यांनी मिळून रिव्ह्यू वाचावेत. वहीत तारीख, तक्रार, केओटीची वेळ, कारण आणि केलेला बदल एवढं लिहावं. कोथरूडच्या वहीत उशिराच्या तक्रारी जवळजवळ सगळ्या रविवारी एक ते अडीचमधल्या निघाल्या. चवीबद्दल तक्रार जवळपास नव्हतीच, आणि काका मात्र आचारी बदलायला निघाले होते.

वाचकहो, तुम्हालाही एक विनंती. एक स्टार जरूर द्या, पण वार, वेळ आणि पदार्थाचं नाव लिहा. ‘बकवास’ एवढ्याच शब्दावरून केओटी शोधता येत नाही.